अठरावा वाढदिवस आणि पहिलं मत: एकाच कॅप्शनमध्ये दोन्ही

प्रश्न: ताई, 24 जूनला मला अठरा पूर्ण झाली. परीक्षेच्या गडबडीत तेव्हा काहीच पोस्ट केलं नाही. आता ऑगस्टच्या शेवटी आमच्याकडे विधानसभेची पोटनिवडणूक झाली आणि काल मी पहिलं मत दिलं. वाढदिवसाचा एक फोटो आणि शाईच्या बोटाचा एक, अशी दोन्हींची मिळून एकच पोस्ट टाकायची आहे. कॅप्शन गंभीर हवं, पण भाषण नको. हलकं हवं, पण मतदानाची थट्टा नको. मी लिहायला बसले की एकतर शाळेतला निबंध होतो, नाहीतर फालतू विनोद. कसं लिहू?

उत्तर:

आधी कॅप्शन देते, मग ते असंच का, हे सांगते.

वाढदिवस जूनचा, यादी जुलैची, शाई ऑगस्टची.
अठरा वर्षं थांबले, चिठ्ठी दिसली सात सेकंद.
मत कुणाला दिलं ते सांगणार नाही.
भेटवस्तू मात्र अजून घेते आहे.

हे जसंच्या तसं वापरलंस तरी चालेल. पण माझं म्हणणं समजून घेतलंस तर याहून चांगलं तूच लिहिशील, कारण तुझ्याकडे तुझे स्वतःचे तपशील आहेत. फोटोखालच्या ओळी, निमंत्रणं, छोट्या जाहिराती असला मजकूर मी बरीच वर्षं लिहिते आहे. माझा अनुभव असा की जोड प्रसंगाचं कॅप्शन शब्दांमुळे फसत नाही. दोन गोष्टींमुळे फसतं. एक, त्यात सांगितलेलं खरं नसतं. दोन, विनोद चुकीच्या जागी पडतो.

खरेपणापासून सुरुवात करते, कारण तुझी पहिली ओळ तिथूनच निघाली आहे.

अशा पोस्टवर सगळ्यात जास्त दिसणारं वाक्य म्हणजे ‘आज अठरा पूर्ण आणि आजच पहिलं मतदान!’ ऐकायला छान आहे, पण आपल्या देशात हे जवळजवळ अशक्य आहे. अठरा पूर्ण झाली की त्याच दिवशी माणूस मतदार होत नाही. अठरा पूर्ण झालीत का, हे एका ठरलेल्या तारखेला पाहिलं जातं. तिला अर्हता दिनांक म्हणतात. पूर्वी वर्षात अशी एकच तारीख होती, 1 जानेवारी. एखाद्याचा वाढदिवस 2 जानेवारीला असला तर अठरा होऊनही यादीत यायला त्याला जवळजवळ वर्षभर थांबावं लागायचं. 2022 पासून अशा चार तारखा झाल्या: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाल्यावर अर्ज आगाऊ भरून ठेवता येतो, पण नाव लागतं ते या तारखांच्या हिशेबानेच. मग निवडणूक लागली की त्या आधीची यादी वापरली जाते.

म्हणजे तुझ्या बाबतीत काय झालं बघ. 24 जूनला तू अठराची झालीस, 1 जुलैच्या तारखेला पात्र ठरलीस आणि ऑगस्टमध्ये मत दिलंस. तुझा वाढदिवस 2 जुलैला असता तर अर्हतेसाठी 1 ऑक्टोबरची वाट पाहावी लागली असती आणि ही पोटनिवडणूक हातची गेली असती. हे तीन महिने म्हणजे तुझी खरी गोष्ट आहे. म्हणून ‘वाढदिवस जूनचा, यादी जुलैची, शाई ऑगस्टची’. या ओळीत एकही मोठा शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला कळतं की या मुलीने अर्ज भरला, यादीत नाव शोधलं आणि ती वाट पाहत होती. जबाबदारी हा शब्द न लिहिता जबाबदारी दिसली. आणि ओळीला लय आली ती महिन्यांमुळे.

पहिल्या खेपेला मी तिथे ‘शाई कालची’ लिहिलं होतं. ते बोलण्यात गोड वाटतं, पण दोन कारणांनी काढलं. जून, जुलै म्हटल्यावर कानाला तिसरा महिनाच हवा असतो. शिवाय ‘काल’ दोन दिवसांत शिळा होतो. पुढच्या वर्षी ही पोस्ट पुन्हा समोर आली तर ‘काल’ म्हणजे कधी, हे वर तारीख बघून शोधावं लागेल. ‘ऑगस्टची’ मात्र तेव्हाही खरीच राहील.

आता विनोद कुठे पडावा, याकडे येते. तुझी खरी अडचण हीच आहे असं मला वाटतं. एखादीने लिहिलं असतं असं एक निबंधी कॅप्शन घे:

आज मी अठरा वर्षांची झाले आणि एक जबाबदार नागरिक म्हणून लोकशाहीच्या उत्सवात सहभागी होऊन माझा पवित्र हक्क बजावला. तुम्हीही बजावा!

यात ‘आज’ चुकीचं आहे, ते सोडून दे. मोठा दोष हा की यातलं एकही वाक्य हिचंच आहे असं नाही. हे कुणाच्याही नावाखाली चालेल, फलकावर चालेल, सरकारी पत्रकात चालेल. ‘पवित्र’, ‘उत्सव’, ‘जबाबदार’ हे शब्द वाचणाऱ्याने इतक्यांदा वाचलेले असतात की डोळा त्यांच्यावरून घसरतो. आणि शेवटचं ‘तुम्हीही बजावा’ तर मतदान संपल्यावर लिहिलेलं आहे. काल संध्याकाळी केंद्रं बंद झाली, आता कोण बजावणार? शिवाय आपल्या वाढदिवसाच्या पोस्टमध्ये दुसऱ्याला उपदेश केला की वाढदिवस बाजूला राहतो आणि उपदेशच लक्षात राहतो.

आता दुसऱ्या टोकाचं:

अठरा झाले! लायसन्स अजून नाही, गाडी येत नाही, पण सरकार चालवायला निघाले.

हे वाचून हसू येईल. पण हसू कशाचं येतं ते बघ. गाडी न येणारी मुलगी सरकार चालवायला निघाली, म्हणजे तिचं मत हीच हसण्याची गोष्ट झाली. ‘या पोरांना काय कळतंय’ असं म्हणणाऱ्या माणसाला हे कॅप्शन फार आवडेल, आणि तेच त्यात चुकलं आहे. अठराव्या वर्षी दिलेलं मत आणि साठाव्या वर्षी दिलेलं मत मोजताना एकाच किमतीचं असतं. त्याला आपणच कमी लेखायचं नाही.

यावरून मी एक साधा नियम पाळते. हलकं बोलायचं ते वाढदिवसाबद्दल, गंभीर राहायचं ते मताबद्दल, आणि या दोन जागांची अदलाबदल होऊ द्यायची नाही. वाढदिवसात थट्टेला भरपूर जागा आहे: भेटवस्तू, उशिरा टाकलेली पोस्ट, अठरा होऊनही घरी न बदललेले नियम. मतदानात थट्टेची गरजच नाही, तिथे नुसतं काय घडलं ते सांगितलं की पुरतं. तुझ्या कॅप्शनमध्ये पहिल्या तीन ओळी सरळ आहेत आणि चौथी हलकी आहे. भेटवस्तूंची ओळ मताच्या ओळीला चिकटून येते, पण हसू भेटवस्तूंवर येतं, मतावर येत नाही. तिसरी ओळ गंभीरपणे नकार देते आणि चौथी लगेच हात पुढे करते, त्या दोन ओळींमधल्या झोक्यात गंमत आहे. त्यांची जागा उलटी करून वाच: आधी भेटवस्तू, मग ‘मत कुणाला दिलं ते सांगणार नाही’. लगेच सूर करडा होतो, जणू कुणी विचारलं म्हणून तू चिडली आहेस. शेवट हलका ठेवला की गांभीर्य टोचत नाही.

दुसरी ओळ मला या कॅप्शनमध्ये सगळ्यात आवडते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते. विधानसभा आणि लोकसभेच्या मतदानात यंत्राला जोडलेला एक छपाईचा डबा असतो, त्याला व्हीव्हीपॅट म्हणतात. तू बटण दाबलंस की त्याच्या काचेमागे एक चिठ्ठी दिसते. तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. ती सात सेकंद दिसते, मग आपोआप कापली जाऊन आतल्या बंद पेटीत पडते. हे सात सेकंद तू स्वतः पाहिलेस. अठरा वर्षं आणि सात सेकंद हे दोन आकडे शेजारी ठेवले की त्या प्रसंगाचं वजन आपोआप कळतं, त्यासाठी एकही विशेषण लागत नाही. आणि ओळ थोडी हसरीही आहे, कारण इतक्या मोठ्या प्रतीक्षेनंतर ते इतकं पटकन संपतं.

मी आधी ‘सात सेकंदांत संपलं’ असं लिहून बघितलं. पण संपलं म्हटलं की निराशा येते. ‘चिठ्ठी दिसली सात सेकंद’ यात फक्त पाहणं आहे, तक्रार नाही. तू तशीच ठेव.

इथे एक सावधगिरी. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत व्हीव्हीपॅट वापरत नाहीत. तिथे पहिलं मत देणाऱ्याने सात सेकंदांची ओळ उचलली तर ती खोटी ठरेल, आणि केंद्रावर काम केलेला एखादा काका लगेच खाली लिहील. महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या बहुसदस्यीय प्रभागात तर एकाच वेळी अनेक जागांसाठी मतं द्यायची असतात, म्हणून ‘एक मत’ हेही तिथे बसत नाही. पण त्यातूनच चांगली ओळ निघते. समज, प्रभागात चार जागा आहेत:

अठरा वर्षांत एकही मत नाही. काल एकदम चार.

हे गंभीर आहे, खरं आहे आणि वाचणाऱ्याला क्षणभर थांबवतं. तुझ्या ओळखीत अशी निवडणूक कुणाला पहिल्यांदा मिळाली तर त्याला हे दे.

आणखी एक तपशील जवळजवळ सगळ्यांचा चुकतो, तो म्हणजे क्रम. लोक लिहितात ‘मत दिलं आणि बोटाला शाई लागली’. कालचं आठवून बघ. आधी एका अधिकाऱ्याने यादीत नाव पाहिलं, मग दुसऱ्याने बोटाला शाई लावली आणि नोंदवहीत सही घेतली, त्यानंतर तू यंत्रापाशी गेलीस. शाई मताच्या आधी लागते. म्हणून मतदानाचा क्रम सांगणारं कॅप्शन करायचं असेल तर ते असं होईल: ‘नाव, शाई, सही, बटण, चिठ्ठी.’ पाच शब्दांत अख्खं केंद्र येतं. तुझ्या कॅप्शनमध्ये मी शाई पहिल्या ओळीत आणि चिठ्ठी दुसऱ्या ओळीत ठेवली, ती याच क्रमाने. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे जाणवणार नाही, पण ज्याला माहीत आहे त्याला कळेल की लिहिणारी तिथे खरंच होती.

तिसरी ओळ, ‘मत कुणाला दिलं ते सांगणार नाही’. ही ठेवच, असा माझा आग्रह आहे. पहिलं मत म्हटलं की खाली पहिला प्रश्न हाच येतो. गुप्त मतदान हा काही कागदावरचा उपचार नाही. घरातली मोठी माणसं, शेजारी, कॉलेजातली मंडळी, यांपैकी कुणालाही तू उत्तर द्यायला बांधील नाहीस, आणि हे तू पहिल्याच पोस्टमध्ये शांतपणे सांगून टाकतेस. कारण देऊ नकोस, माफी मागू नकोस. ‘सॉरी, पण’ जोडलंस की ओळ लगेच ढिली पडते.

ही ओळ लिहिल्यावर पोस्टच्या बाकी कुठल्याही भागाने तिला खोटं पाडता कामा नये. इथे बरेच जण नकळत घसरतात. ‘बदल हवा होता’, ‘विकासाला मत’, ‘आता परिवर्तन’ असले शब्द प्रचारात वापरून झालेले असतात, त्यामुळे वाचणारा त्यावरून तुझं मत ओळखतो, किंवा ओळखलं असं समजतो. इमोजींचं तर त्याहून नाजूक आहे. उघडा हात, कमळ, घड्याळ, धनुष्यबाण, सायकल, हत्ती ही सगळी पक्षांची चिन्हं आहेत. वाढदिवसाचं म्हणून तू सहज फूल टाकशील आणि ते कमळ निघेल. हात हलवणारा इमोजी टाकशील आणि तो पंजा वाटेल. रंगीत हृदयांचंही तसंच. मी असते तर या पोस्टवर इमोजी टाकलाच नसता, ओळींना त्याची गरज नाही. टाकायचाच असेल तर नुसतं वर केलेलं एक बोट पुरे.

फोटोतही हेच. शाई दाखवताना पूर्ण पंजा उघडून दाखवू नकोस, बाकी बोटं मिटून फक्त तर्जनी दाखव. शाई डाव्या तर्जनीला लावतात, नखाच्या टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत रेघ ओढून. फोटो समोरच्या कॅमेऱ्याने काढला असशील तर एकदा तपासून घे: काही फोन तो आरशासारखा उलटा साठवतात, मग डावा हात उजवा दिसतो. अशा फोटोखाली ‘शाई उजव्या हाताला कशी?’ असा वाद सुरू होतो आणि तुझं कॅप्शन कुणी वाचत नाही. फोनच्या संपादनात फोटो आडवा पलटवला की काम झालं. मागे एखादी पाटी असेल तर ती सरळ वाचता येते का, यावरूनही लगेच कळतं.

फोटो केंद्राच्या आतला नसावा, हे तुला माहीत असेलच. आत फोन वापरता येत नाही, आणि चिठ्ठीचा किंवा यंत्राचा फोटो टाकणं म्हणजे आपणच आपल्या मताची गुप्तता मोडणं. बाहेर दूर येऊन काढलेला फोटो घे, आणि मागे कुणाचा झेंडा, फलक किंवा प्रचाराचं टेबल आलं असेल तर ते कापून टाक. मतदार ओळखपत्र किंवा मतदार चिठ्ठी हातात धरून काढलेला फोटोही नको. त्यावर तुझा ओळखपत्र क्रमांक, यादी भाग आणि अनुक्रमांक असतो, आणि सोबत अठराव्या वाढदिवसाची तारीख दिलीस की तुझी जन्मतारीख अनोळखी माणसालाही कळते. म्हणूनच कॅप्शनमध्ये मी ‘24 जून’ न लिहिता फक्त ‘जून’ लिहिलं.

दोन फोटोंचा क्रम काय ठेवायचा? शाईचा आधी, वाढदिवसाचा मागे. कारण कॅप्शनची पहिली ओळ शाईवर संपते आणि चौथी वाढदिवसावर येते. फोटो सरकवणारा माणूस त्याच क्रमाने वाचेल. उलट ठेवलंस तर लोक पहिल्या फोटोवरच ‘उशिरा का होईना, शुभेच्छा’ लिहून पुढे जातील. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला 2,200 अक्षरांची मर्यादा असली तरी फीडमध्ये सरकताना सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं दाबून उघडावं लागतं. म्हणून सगळं सांगणारी ओळ पहिली हवी. आपली पहिली ओळ एकटी दिसली तरी पोस्ट कशाची आहे ते कळतं, आणि हेच तपासायचं असतं: बाकीच्या ओळी झाकून फक्त पहिली एखाद्याला वाचायला दे. त्याला वाढदिवस आणि मतदान दोन्ही कळलं तर ओळ जमली.

तुला याहून थोडं मऊ, घरगुती कॅप्शन हवं असेल तर एक दुसरी वाट सुचवते. आपल्याकडे मतदानाचं वय पूर्वी एकवीस होतं. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ते अठरा झालं आणि 28 मार्च 1989 पासून ते लागू आहे. तुझी आजी त्याआधीच एकवीस पूर्ण झालेली असेल, तर तिला पहिल्या मतासाठी तुझ्याहून तीन वर्षं जास्त थांबावं लागलं. तिच्याशी बोल. तिचं पहिलं मत कधी, कुठल्या निवडणुकीत, कोणाबरोबर गेली होती, काय आठवतं. तिच्या काळी कागदी मतपत्रिकेवर शिक्का मारून ती घडी करून पेटीत टाकायची असे. त्यातून असं काही निघेल:

आजीला एकवीसपर्यंत थांबावं लागलं, मला अठरापर्यंत.
तिने शिक्का मारला, मी बटण दाबलं.
कुणाला, ते दोघीही सांगत नाही.
वाढदिवस मात्र फक्त माझा.

पण हे लिहिण्याआधी आजीचं जन्मसाल नक्की विचार. आई किंवा बाबांवर ही ओळ ढकलू नकोस. तुझ्या वयाच्या मुलांचे आईबाबा बहुतेक 1989 नंतरच अठरा झालेले असतात, त्यांना एकवीसची अट लागलीच नव्हती. आणि आजीला तिच्या पहिल्या मताचं काही आठवत नसेल, किंवा ती कधी मतदानाला गेलीच नसेल, तर हे कॅप्शन सोडून दे. आठवण रचून लिहू नये.

तुझ्या मैत्रिणींपैकी ज्यांना अठरा झाली पण निवडणूक अजून लागलेली नाही, त्या तुझं बघून तसंच काहीतरी लिहायला जातील. त्यांनी ‘पहिलं मतदान’ लिहू नये, कारण ते झालेलं नाही. त्यांची गंमत वेगळी आहे, ती तयारीची आहे. नवीन नाव लावण्याचा अर्ज म्हणजे फॉर्म 6. तो भरला असेल तर एवढंच लिहावं:

अठरा पूर्ण. फॉर्म 6 भरला.
निवडणूक कधीही लागू द्या.

आणि ही पोस्ट तुझ्याऐवजी आई किंवा दादा टाकणार असेल तर हलकं बोलण्याची जागा बदलते. आता तू स्वतःबद्दल बोलत नाहीस, दुसरं कुणी तुझ्याबद्दल बोलतं आहे, तेव्हा थट्टा घरातल्या सवयींची करावी, मताची नाही. ‘सकाळी सातला उठवावं लागत नाही, असा अठरा वर्षांतला पहिला दिवस. रांगेत आमच्या पुढे उभी होती.’ इथे हसू उठण्यावर आहे आणि अभिमान रांगेत आहे. फक्त ‘आमच्या मुलीने आमच्याच पक्षाला मत दिलं’ असलं कुणी कौतुकानेसुद्धा लिहू नये, तो निर्णय जाहीर करायचा हक्क एकट्या तुझा आहे. पोस्ट टाकण्याआधी तुला दाखवायला सांग.

शेवटी, पोस्ट टाकल्यावर खाली काय होईल त्याची तयारी ठेव. तिसरी ओळ वाचूनही कुणीतरी ‘सांग ना कुणाला’ असं विचारेलच. त्याला समजावत बसू नकोस. ‘चौथी ओळ वाचली का?’ एवढंच लिही. आणि पोटनिवडणुकीचा निकाल लागल्यावर कॅप्शनमध्ये काही बदलू नकोस, आनंदाचं नाही आणि दुःखाचंही नाही. निकालानंतर जोडलेल्या एका शब्दावरूनही तिसऱ्या ओळीत जे सांगायचं नाही म्हटलंस, ते कळून जाईल.